सायनमेटहिमोग्लोबिन पद्धत: स्टँडर्ड कर्व्ह आणि तिच्या नजरेतून सुटणाऱ्या चुका (प्रकल्प नोंदी)

९ जून २०२५ – काम आणि द्रावण

रक्तशास्त्राच्या टेबलावर दोन यंत्रं आहेत: एक स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि एक जुना, हिरव्या फिल्टरचा कलरीमीटर. दोन्हींसाठी हिमोग्लोबिनची नवी स्टँडर्ड कर्व्ह काढायची आणि मग ती कुठवर भरवशाची आहे ते तपासायचं, एवढंच या प्रकल्पाचं काम.

पद्धतीतलं रसायन दोन पायऱ्यांचं आहे. फेरीसायनाइड हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण करून मेटहिमोग्लोबिन बनवतं, आणि त्याला सायनाइड चिकटून सायनमेटहिमोग्लोबिन तयार होतं. या शेवटच्या रंगाचा माथा ५४० नॅनोमीटरला असतो आणि तो सपाट, रुंद असतो. त्यामुळे तरंगलांबी एखाद-दुसऱ्या नॅनोमीटरने सरकली तरी रीडिंग फारसं हलत नाही. ऑक्सी, डीऑक्सी, मेट आणि कार्बॉक्सी अशी सगळी रूपं यात धरली जातात. सल्फहिमोग्लोबिन तेवढं सुटतं, पण ते नेहमीच्या नमुन्यांत नगण्य असतं.

सुधारित ड्रॅबकिन द्रावण एक लिटर केलं:

- पोटॅशियम फेरीसायनाइड २०० मिग्रॅ
- पोटॅशियम सायनाइड ५० मिग्रॅ
- पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १४० मिग्रॅ
- ट्रायटन एक्स-१०० १ मिली
- डिस्टिल्ड वॉटर एक लिटरपर्यंत

ट्रायटन सर्वांत शेवटी, काठावरून सोडायचं आणि बाटली न हलवता फिरवत ढवळायची. आधी घातलं तर फेस येतो आणि लिटरची खूण दिसत नाही. पीएच ७.२ आला, ७.० ते ७.४ चालतो. द्रावण फिकट पिवळं आणि स्वच्छ हवं. पाण्यावर शून्य करून ५४० ला त्याचं रीडिंग शून्य आलं पाहिजे, तसं आलं.

सायनाइडचं वजन धुरांड्याच्या कपाटातच, हातमोजे घालून करायचं. या पीएचला द्रावणातलं बहुतेक सायनाइड हायड्रोजन सायनाइडच्या रूपात असतं, म्हणजे उडून जाऊ शकणारं. म्हणून बूच घट्ट हवं. उघड्या बाटलीने माणसाला त्रास होईल हे कारण आहेच, पण बाटली उघडी राहिली की द्रावणच हळूहळू निकामी होतं हेही तितकंच खरं. बाटली तपकिरी. फ्रीजमध्ये चालेल, फ्रीझरमध्ये अजिबात नाही: द्रावण गोठलं की त्यातलं सायनाइड नासतं, आणि वितळल्यावर बाटली दिसायला पूर्वीसारखीच दिसते.

१० जून – कर्व्ह

स्टँडर्ड ६० मिग्रॅ टक्के ताकदीचं, तपकिरी अँप्युलमधलं. हे तयार सायनमेटहिमोग्लोबिन आहे, त्यामुळे ते तसंच क्युव्हेटमध्ये ओतून वाचायचं. नवी मुलं हमखास त्याचेही २० मायक्रोलिटर घेऊन ५ मिली द्रावणात टाकतात, आणि मग ओडी जवळजवळ शून्य का येते म्हणून यंत्राला दोष देतात.

६० मिग्रॅचे १५ ग्रॅम कसे होतात ते एकदा लिहून ठेवू. रक्त २० मायक्रोलिटर आणि द्रावण ५ मिली, म्हणजे ५०२० भागिले २०, २५१ पट विरळ. ६० गुणिले २५१ म्हणजे १५०६० मिग्रॅ टक्के, अर्थात १५.०६ ग्रॅम टक्के. २५० नाही, २५१. रक्ताचं स्वतःचं आकारमानही धरायचं.

```
Hb (g/dL) = (A_test / A_std) × 60 × 251 / 1000
```

अँप्युल फोडल्यावर त्याच दिवशी वापरायची. पातळ करण्यासाठी ड्रॅबकिन द्रावणच घेतलं, पाणी नाही. मापं ५ मिलीच्या क्लास ए पिपेटने. कलरीमीटरच्या गोल नळ्या एकाच जोडीतल्या नसतील तर ओडी नळीगणिक बदलते, म्हणून तिथे सगळी रीडिंग एकाच नळीत घेतली: आधी ब्लँक, मग पातळ स्टँडर्डकडून दाटाकडे, प्रत्येक वेळी पुढच्याच द्रावणाने नळी विसळून.

| स्टँडर्ड (मिली) | ड्रॅबकिन (मिली) | हिमोग्लोबिन (ग्रॅम%) | ओडी, स्पेक्ट्रो | ओडी, कलरीमीटर |
|---|---|---|---|---|
| ० | ५ | ० | ०.००० | ०.०० |
| १ | ४ | ३.०१ | ०.०८२ | ०.०७ |
| २ | ३ | ६.०२ | ०.१६३ | ०.१५ |
| ३ | २ | ९.०४ | ०.२४६ | ०.२२ |
| ४ | १ | १२.०५ | ०.३२७ | ०.२९ |
| ५ | ० | १५.०६ | ०.४०९ | ०.३६ |

दोन्ही रेषा शून्यातून सरळ जातात. पाचही हिमोग्लोबिनची बेरीज भागिले पाचही ओडींची बेरीज अशी फॅक्टर काढली: स्पेक्ट्रोची ३६.८, कलरीमीटरची ४१.५. एक सेंमीच्या क्युव्हेटमध्ये, रंगाच्या ज्ञात शोषणांकावरून कागदावर काढलेली फॅक्टरही ३६.८ च्या आसपास येते. म्हणजे स्पेक्ट्रो चोख आहे. कलरीमीटरच्या फिल्टरमधून रुंद पट्टा जातो, म्हणून त्याची ओडी कमी पडते. हा दोष नाही, पण एका यंत्राची फॅक्टर दुसऱ्याला लावता येत नाही.

कलरीमीटरची खरी अडचण त्याच्या पडद्यात आहे. तो दोनच दशांश दाखवतो, आणि ०.०१ ओडी म्हणजे ०.४ ग्रॅम. शेवटचा आकडा ०.२८ आणि ०.२९ यांच्यात लुकलुकत असेल तर रुग्ण ११.६ चा की १२.० चा हे या यंत्रावर ठरत नाही. स्त्रियांमध्ये रक्तक्षयाची सीमा १२ धरतात, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही.

१२ जून – कर्व्ह सरळ, कंट्रोल वर

होल ब्लड कंट्रोल लावला. ठरवून दिलेली किंमत १२.२, चालणारी मर्यादा ११.८ ते १२.६. स्पेक्ट्रोवर ओडी ०.३५३, म्हणजे १३.०. कलरीमीटरवर ०.३१, म्हणजे १२.९. पुन्हा नव्याने पातळ करूनही तेच.

इथेच कर्व्हची मर्यादा उघडी पडते. तयार स्टँडर्ड सरळ क्युव्हेटमध्ये जातं, म्हणून सरळ रेष फक्त यंत्राबद्दल साक्ष देते. २० मायक्रोलिटर बरोबर होते का, ५ मिली बरोबर होते का, पेशी फुटल्या का, सायनाइडने आपलं काम केलं का, यांतलं काहीही त्या रेषेत उतरत नाही. या सगळ्या पायऱ्यांतून जातं ते रक्त, आणि म्हणून त्यांची परीक्षा घेऊ शकतो तो रक्ताचा कंट्रोलच. दोन वेगळी यंत्रं एकाच दिशेने, जवळजवळ सारखीच वर जात असतील तर दोष यंत्राच्या आधी, नळीतच आहे.

१३ जून – २० मायक्रोलिटर आणि ५ मिली

पहिला संशय नेहमीप्रमाणे मायक्रोपिपेटवर. डिस्टिल्ड वॉटर दहा वेळा सोडून एकत्र वजन केलं: ०.१९९० ग्रॅम. या तापमानाला पाण्याची घनता आणि हवेचा परिणाम धरून सरासरी २० मायक्रोलिटर बसते. एकेका थेंबाचं वजन करण्यात अर्थ नाही; चार दशांशी तराजूवर २० मायक्रोलिटरमधली चूक नीट दिसत नाही.

पाण्याने पास झालेली पिपेट रक्ताने नापास होऊ शकते, कारण टिपच्या बाहेर रक्ताचा थर राहतो. तो एक मायक्रोलिटरचा असला तरी चूक ५ टक्के, म्हणजे १५ ग्रॅमला पाऊण ग्रॅम. टिप बाहेरून गॉजने वरून खाली पुसायची, पण तोंडाला गॉज लागू द्यायचा नाही. लागला की तो आतलं रक्त ओढून घेतो आणि चूक उलट्या दिशेला जाते. रक्त द्रावणाच्या तळाशी सोडून मग वरचं स्वच्छ द्रावण दोन-तीनदा आत-बाहेर करून टिप धुवायची. अशी धुवायची असेल तर टिप आधी रक्ताने ओली करायची नाही, नाहीतर आतला जादा थरही धुऊन नळीत येतो. साहलीची काचेची पिपेट वापरणाऱ्यांनाही हेच लागू: ती आतल्या मापाची असते, धुतल्याशिवाय २० मायक्रोलिटर पुरे होत नाहीत.

हे सगळं सांभाळून कंट्रोल परत लावला. १२.९. म्हणजे रक्ताची बाजू ठीक होती.

मग डिस्पेन्सर. ड्रॅबकिनच्या बाटलीवर बसवलेला, ५ मिलीवर लावलेला. दहा दाब पाण्याचे बीकरमध्ये घेऊन साध्या तराजूवर वजन केलं. यायला हवे होते ४९.८ ग्रॅम, आले ४६.८. म्हणजे एका दाबात ४.७ मिली. आता विरळपणा ४.७२ भागिले ०.०२, म्हणजे २३६ पट. आपण मात्र २५१ ने गुणत होतो. २५१ भागिले २३६ म्हणजे १.०६४, आणि १२.२ गुणिले १.०६४ म्हणजे १३.०. हिशेब जुळला.

कारण बघायला सोपं होतं: आत जाणारी नळी सैल झाली होती, प्रत्येक ओढीला सिलिंडरमध्ये वर हवेचा बुडबुडा दिसत होता. नळी घट्ट केली, बुडबुडे जाईपर्यंत दाब मारले. दहा दाबांचे ४९.७ ग्रॅम. कंट्रोलची ओडी ०.३३१, म्हणजे १२.२.

२० मायक्रोलिटरवर सगळ्यांचा डोळा असतो आणि ५ मिली कोणी मोजत नाही. डिस्पेन्सरची चूक त्या दिवशीच्या प्रत्येक नमुन्यात सारखीच असते, त्यामुळे जोडीच्या दोन नळ्या अगदी छान जुळतात. जोडी जुळते म्हणून निर्धास्त राहण्यात हाच धोका.

१७ जून – किती मिनिटं थांबायचं

विभागात एक जुन्या पद्धतीचं किटही आहे: सोडियम बायकार्बोनेटवर आधारलेलं, डिटर्जंट नसलेलं. त्याच कंट्रोलची दोन्ही द्रावणांत वेळेनुसार ओडी घेतली. सुधारित द्रावणात तीन मिनिटांना ०.३३०, पाच मिनिटांना ०.३३१, दहाला ०.३३१. जुन्या किटमध्ये तीन मिनिटांना ०.३५२, पाचला ०.३४३, दहाला ०.३३४, पंधराला ०.३३१ आणि पुढे स्थिर.

लवकर वाचलं तर कमी येईल असा सर्वसाधारण समज आहे, पण इथे उलट घडतं. न बदललेलं ऑक्सिहिमोग्लोबिन ५४० ला सायनमेटपेक्षा जास्त प्रकाश शोषतं, आणि न फुटलेल्या पेशी प्रकाश विखुरतात. दोन्हींमुळे ओडी फुगते. सुधारित द्रावणाला तीन ते पाच मिनिटं पुरतात, बायकार्बोनेटच्याला पंधरा द्यायची. बाटलीवर नुसतं 'ड्रॅबकिन' असं लिहिलेलं असतं, म्हणून आत कोणतं आहे ते लेबलावर ठळक लिहून ठेवलं.

जास्त बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात कार्बॉक्सिहिमोग्लोबिन असतं. ते सावकाश बदलतं आणि तेही ५४० ला जास्त शोषतं. अशा नमुन्यांना अर्धा तास देणं बरं.

१९ जून – जुनी बाटली

कपाटाच्या मागे सापडलेली, बूच सैल असलेली ड्रॅबकिनची बाटली टाकून देण्याआधी तपासली. रंग पिवळाच, स्वच्छ. ब्लँक शून्य. स्टँडर्ड ०.४०९, अगदी बरोबर. कंट्रोल मात्र ०.२८३, म्हणजे १०.४, आणि नळीतला रंग नेहमीच्या लालसर छटेऐवजी तपकिरीकडे झुकलेला.

सायनाइड उडून गेलेलं आहे. फेरीसायनाइड शाबूत असल्यामुळे पिवळेपणा टिकला आणि मेटहिमोग्लोबिन बनलं, पण पुढची पायरी अर्धवट राहिली. या पीएचला मेटहिमोग्लोबिन ५४० ला कमी शोषतं. स्टँडर्ड आधीच सायनमेट असल्याने त्याला नव्या सायनाइडची गरजच नव्हती. कर्व्ह पुन्हा एकदा गप्प.

स्पेक्ट्रो असेल तर याची सोपी खूण आहे: रक्ताच्या त्याच नळीची ५४० आणि ५०४ ला ओडी घ्यायची आणि भागाकार करायचा. शुद्ध सायनमेटसाठी तो १.५९ ते १.६३ येतो. ताज्या द्रावणात १.६१ आला, जुन्यात १.४ च्याही खाली. कलरीमीटरवर हे जमत नाही; तिथे नवी बाटली उघडली की तोच कंट्रोल जुन्या आणि नव्या द्रावणात शेजारी शेजारी लावायचा.

२३ जून – गढूळ नमुने

एक नमुना मुद्दाम राखून ठेवला होता, प्लाझ्मा दुधासारखा पांढरट. ओडी ०.३८४, हिमोग्लोबिन १४.१. केशनलिकेत सेंट्रिफ्यूज करून पीसीव्ही ३६ टक्के. हिमोग्लोबिन भागिले पीसीव्ही, म्हणजे एमसीएचसी, ३९ च्या वर. लाल पेशीत इतकं हिमोग्लोबिन सहसा मावतच नाही. स्फेरोसाइटसारखं काही नसताना ३६-३७ च्या पुढे आकडा गेला की आधी हिमोग्लोबिनवर संशय घ्यावा. ७५० नॅनोमीटरलाही ओडी आली. तिथे सायनमेटचं शोषण नसतं, त्यामुळे ०.००३ पेक्षा जास्त ओडी दिसली की द्रावण गढूळ आहे.

दुरुस्ती: त्याच रुग्णाचा प्लाझ्मा २० मायक्रोलिटर, ५ मिली ड्रॅबकिनमध्ये, ओडी ०.०६०. मूळ नळीत रक्ताच्या २० मायक्रोलिटरपैकी प्लाझ्मा फक्त ६४ टक्के होता, म्हणून पूर्ण ०.०६० वजा करायचे नाहीत. ०.०६० गुणिले ०.६४ म्हणजे ०.०३८. ०.३८४ वजा ०.०३८ म्हणजे ०.३४६, हिमोग्लोबिन १२.७. एमसीएचसी आता ३५.४, पटण्यासारखी. चरबीमुळे जवळजवळ दीड ग्रॅमची फसवणूक होत होती.

गढूळपणाची बाकी कारणं वेगळी आणि प्रत्येकावर उपाय वेगळा. पांढऱ्या पेशी खूप वाढल्या असतील, उदाहरणार्थ ल्युकेमियात, तर नळी सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रावण वाचायचं. मायलोमासारख्या आजारात ग्लोब्युलिन द्रावणात साकळतं. तिथे द्रावण थोडं अल्कधर्मी केलं की ते विरघळतं, त्यासाठी लिटरला ०.१ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट घातलेलं ड्रॅबकिन वेगळं ठेवतात.

सिकलसेलचा मुद्दा आपल्याकडे जास्त कामाचा. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार भागातून येणाऱ्या नमुन्यांत तो भेटतोच. एस हिमोग्लोबिनच्या काही पेशी ड्रॅबकिनमध्ये फुटायला नकार देतात, नळी धूसर राहते आणि हिमोग्लोबिन असतं त्याहून जास्त दिसतं. आधीच रक्तक्षय असलेल्या रुग्णाचा आकडा वर दाखवणं ही वाईट चूक. अशी नळी समान आकारमानाच्या डिस्टिल्ड वॉटरने पातळ करायची, पाच मिनिटं थांबायचं, ओडी घ्यायची आणि दोनने गुणायचं. सेंट्रिफ्यूज करणं इथे चुकीचं, कारण न फुटलेल्या पेशी हिमोग्लोबिन घेऊन खाली बसतील आणि आकडा खरोखरच कमी येईल.

रक्त घेतानाच्या चुका यंत्रावर पकडता येत नाहीत, एवढीच नोंद. ईडीटीएच्या नळीत बारीकशी गुठळी असेल तर नमुना बाद. फ्रीजमधून काढलेली नळी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, रोलरवर पुरती मिसळू द्यायची; तळाचं रक्त आणि वरचं रक्त यांत ग्रॅमांचा फरक पडतो. बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतींचं पाणी मिसळतं, आणि टूर्निके फार वेळ बांधला तर रक्त दाटतं.

२४ जून – टेबलावर लावलेला कागद

रोज सकाळी: ड्रॅबकिनचा ब्लँक पाण्याविरुद्ध, होल ब्लड कंट्रोल दोन नळ्यांत, दोन्ही नळ्या एकमेकींच्या २ टक्क्यांच्या आत. दर सोमवारी डिस्पेन्सरच्या दहा दाबांचं वजन. नवी फॅक्टर काढायची ती दिवा, फिल्टर किंवा क्युव्हेट बदलल्यावर. द्रावणाची बाटली बदलली की कर्व्ह नको, कंट्रोल हवा.

वापरलेलं द्रावण वेगळ्या, झाकणाच्या कॅनमध्ये साठवायचं आणि रासायनिक कचऱ्यात द्यायचं. त्या कॅनमध्ये आणि त्याच सिंकमध्ये अ‍ॅसिड कधीही जाता कामा नये. साहलीसाठी ठेवलेली एन/१० हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची बाटली याच टेबलावर होती, ती पलीकडच्या कपाटात हलवली आहे.